प्रश्न ‘ड’ आणि वाव्हळे सर

सर, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि मला रडू येत नव्हतं, राग येत होता. पूर्ण्याच्या त्या समाजमंदिरात एकेक वक्ता उठत होता आणि तुम्हाला शांतीचा पुजारी करून खाली बसत होता. एक जण म्हणाले, वाव्हळे सरांनी आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नसेल. दुसऱ्यांनी सांगितलं, युद्ध हा शब्द उच्चारला तरी सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तुमच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नाही. युद्ध हा शब्द मात्र तुम्ही रोज उच्चारायचा, आणि त्याच्यापुढं ‘कधी, कुणाच्या हुकमानं, कुणाविरुद्ध, कुठवर’ असे चार प्रश्न लावायचा.

तुमच्या पत्नी, सुजाता वहिनी, माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, “ताई, हे कोणाबद्दल बोलायलेत?” तेव्हा मला थोडं बरं वाटलं. मला बोलायला सांगितलं तर मी उठून एवढंच म्हणाले, “सर आमच्या मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचे.” आणि बसले. तिथं ते वाक्य फार सपक वाटलं. जे सांगायचं होतं ते त्या माइकवर मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

आपला पेपर सुरू झाला तेव्हाचं आठवा. ‘धर्म, युद्ध आणि शांती’. आपल्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांसाठी ऐच्छिक विषय. सोपा असेल म्हणून मुलं घ्यायची. परीक्षेत ‘धर्मयुद्ध म्हणजे काय ते सांगा’, ‘अहिंसेवर टीप लिहा’ असले प्रश्न यायचे आणि मुलं गाइडातलं पान उतरवून मोकळी व्हायची. बुद्धावर लिहिताना सगळे अहिंसावादी, पुढच्याच प्रश्नात सगळे शूरवीर. एका वर्षी तुम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणालात, “ताई, ह्या पोरांना पास करून आपण काय करायलोत?”

त्यानंतर तुम्ही प्रसंग लिहायला लागलात. एका पानात मावेल असा कल्पित प्रसंग आणि त्याखाली पाच प्रश्न. अ: काय नक्की माहीत आहे आणि काय माहीत नाही. ब: बळ वापरायचा हुकूम द्यायचा अधिकार कुणाचा, आणि का. क: कुठल्याही दोन धर्मपरंपरांच्या कसोट्या ह्या प्रसंगाला लावून दाखवा. ड: तुम्ही जो निर्णय घ्याल त्यावर, त्याच परंपरेतला माणूस काय आक्षेप घेईल. आणि इ: निर्णय झाल्यानंतर तुम्ही कुणाचं काय देणं लागता.

निर्णयाला गुण नाहीत, हा तुमचा नियम. तोफ डागा किंवा डागू नका, गुण सारखेच. गुण कारणांना. हे दरसालच्या मुलांना पटायला अख्खं वर्ष जायचं. ह्या वर्षीच्या वर्गातला दत्ता तर म्हणाला होता, “सर, बरोबर उत्तर सांगून टाका, आमी पाठ करतो.”

‘इ’ माझ्यामुळं आला हे तुम्ही कायम सांगायचा, माझ्यासमोर आणि माझ्यामागंही. माझा भाऊ भास्कर फौजेतून आमच्या गावी, झरीला, परत आला तेव्हापासून तो दाराकडं पाठ करून बसत नाही. त्यानं तिकडं काय केलं, काय पाहिलं, हे आम्ही कुणी विचारत नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं, गोळी सुटली की पुस्तकातला प्रसंग संपतो, माणसाचा संपत नाही. तुम्ही कपातला चहा तसाच ठेवलात आणि पेन काढलं.

तुम्हाला भेटायच्या आधी मी तुमच्याबद्दल तेच समजत होते जे त्या कार्यक्रमातले लोक समजत होते. बौद्ध घरातला, पाली शिकलेला माणूस, म्हणजे सरळसरळ अहिंसा. आणि मी फौजीची बहीण, शेतकऱ्याची मुलगी, म्हणजे देशासाठी लढणाऱ्यांच्या बाजूची. झालं उलटंच. बळाच्या विरोधात मी बोलायची आणि त्याची बाजू तुम्ही मांडायचा. मी एकदा चिडून विचारलं, “सर, तुम्हाला पंचशील आठवत नाही का?”

तेव्हा तुम्ही मला मामाच्या गावची गोष्ट सांगितलीत. तुम्ही लहान होता. तिथल्या बौद्ध वस्तीवर माणसं चालून आली, घरं पेटवली. पोलिसांची जीप गावाच्या वेशीवर उभी होती. आतल्या साहेबाकडं माणसं होती, काठ्या होत्या, बंदुका होत्या. तो उतरला नाही. तुमच्या मामीचा हात भाजला तो भाजलाच.

“त्या साहेबानं कुणालाच मारलं न्हाई, ताई,” तुम्ही म्हणालात. “आता सांगा, तो अहिंसक होता का?”

पण तुम्ही तिथं थांबला नाहीत, हे मला त्या सभेत सांगायचं होतं. तुम्ही पुढं म्हणालात की साहेब उतरला असता आणि त्याच्या काठीनं कुणाचं डोकं फुटलं असतं, तर तेही पुण्य झालं नसतं. जुनी गोष्ट सांगितलीत, जहाज चालवणाऱ्या तांडेलाची. जहाजावरचा एक दरोडेखोर सगळ्या प्रवाशांना मारणार हे तांडेलाला कळतं. प्रवाशांना सांगावं तर तेच त्याला मारतील आणि ते पाप त्यांच्या माथी बसेल. म्हणून तो स्वतः त्याला मारतो, द्वेषानं नाही, करुणेनं, आणि नरकात जायची तयारी ठेवून. तुमचं म्हणणं होतं की लोक ही गोष्ट हत्येची परवानगी म्हणून वाचतात. “त्यो सूट मागत न्हाई. फळ सोताच्या अंगावर घेतो. ज्याला मारायचंही हाय आणि निर्मळही राहायचंय, त्याच्यासाठी ही गोष्ट न्हाईच.”

ह्या वर्षीचा प्रसंग तुम्ही लिहिलात तो सगळ्यात अवघड. डोंगरातलं एक गाव. त्याच्याकडं जाणारी एकच वाट. वाटेवरच्या प्रार्थनास्थळात हत्यारबंद टोळी शिरली आहे. आत यात्रेकरू अडकले आहेत. टोळी वाटेवर गोळीबार करते, त्यामुळं गावात धान्य आणि औषध पोचत नाही. गावात आजारी लेकरं आहेत. सरकारच्या अधिकाऱ्याजवळ तोफ आहे. एक म्हातारा मध्यस्थ म्हणतो, मला अजून बोलू द्या. किती वेळ लागेल ते तो सांगू शकत नाही.

प्रार्थनास्थळ कुठल्या धर्माचं, टोळी कुठल्या धर्माची, हे तुम्ही लिहिलं नाही. त्यावरूनच आपलं भांडण सुरू झालं होतं. मी म्हणाले, नावं काढलीत तर ही राजाराणीची गोष्ट होते. खरी माणसं नावं घेऊनच लढतात. तुम्ही म्हणालात, नाव आलं की पोरगं विचार करणं थांबवतं आणि बाजू घेतं. मी म्हणाले, मग ते बाजू कशी घेतं तेच शिकवू की. हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही.

वर्गात मात्र तो प्रसंग चालला. दत्ता पहिल्यांदा उठला. “उडवून टाकायचं, सर.”

“आत कोण हाय?”

“टोळी.”

“अजून?”

दत्तानं प्रसंगाचं पान पुन्हा वाचायला घेतलं. मग पाथरीहून एसटीनं येणारी रेहाना उठली. तिच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं की लढाईतही बायका, लेकरं, म्हातारे आणि इबादतीत बसलेले लोक यांना हात लावायचा नाही, झाडंसुद्धा तोडायची नाहीत. दत्तानं लगेच विचारलं, “आणि दुश्मन त्यांच्याच आडून गोळ्या घालत असंल तर?”

रेहाना अडली नाही. म्हणाली, ह्यावर जुन्या फकीहांमध्येच, म्हणजे शरियतच्या जाणकारांमध्येच, एकमत नाही. काही म्हणतात, तसाच नाइलाज असेल, थांबल्यानं याहून मोठा घात होणार असेल, तर वार करता येतो, पण नेम दुश्मनावरच हवा, आड धरलेल्यांवर नाही. काही म्हणतात, तरीही नाही. तुम्ही फळ्याजवळून मागं सरकलात आणि माझ्याकडं पाहिलंत. तिनं न विचारता ‘ड’ सोडवला होता, त्याच परंपरेतला आक्षेप.

मग दत्ताही पेटला. आमच्याकडं धर्मयुद्धाचा तर नियमच आहे, म्हणाला, शस्त्र टाकलेल्यावर, पळणाऱ्यावर, झोपलेल्यावर वार नाही. आणि थोड्या वेळानं स्वतःच खाली मान घालून म्हणाला, “पर आपद्धर्म म्हणून तेच नियम मोडल्याच्या गोष्टीबी आमच्याकडंच हायेत.” तुम्ही ख्रिस्ती विचारातल्या कसोट्या फळ्यावर लिहिल्यात: कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा, हुकूम अधिकाराचा हवा, बाकीचे उपाय थकलेले हवेत, यशाची वाजवी शक्यता हवी, आणि नुकसान हाती येणाऱ्या भल्याच्या मानानं जास्त नको. मग समजावलंत की यात्रेकरू मरतील हे दिसत असणं वेगळं आणि त्यांना मारूनच काम साधणं वेगळं; पहिल्याला क्वचित वाट आहे, दुसऱ्याला नाही. तास संपला तरी मुलं वाद घालत जिन्यानं खाली गेली. मला वाटतं, तुमचा तो सगळ्यात चांगला तास होता.

आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही ‘ड’ काढून टाकलात.

परीक्षा समितीची बैठक. वर्गात चर्चा झालेला प्रसंगच आपण परीक्षेत द्यायचो. एक नवे सदस्य म्हणाले की प्रसंग ठीक आहे, पण आपल्याच धर्मावर आक्षेप लिहायला लावणारा प्रश्न परीक्षेत नको. कुणाच्या भावना दुखावतील, कुणी मोबाइलवर फोटो फिरवेल, मग निस्तरायचं कुणी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “बरोबर हाय. ‘ड’ काढू.” मिनिटसुद्धा घेतलं नाहीत.

बाहेर पिंपळाखाली मी तुम्हाला काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. मी म्हणाले, ‘ड’ काढला तर उरलेला पेपर म्हणजे पुन्हा गाइडच. ‘ड’ नसेल तर जो तो आपल्या धर्मातून आपल्या सोयीची ओळ उचलणार. बाकीचे उपाय थकलेले हवेत असं मुलांना शिकवता आणि स्वतः पहिल्याच अडचणीला हात टेकता.

तुम्ही शांतपणे म्हणालात, “यशाची वाजवी शक्यता नव्हती, ताई. हरायची लढाई दुसऱ्याच्या जिवावर लढू नये.”

मी म्हणाले, “ती कसोटी दुसऱ्यांना मरायला पाठवणाऱ्या राजासाठी आहे. जो स्वतःच पुढं जातो त्याला हरायचाही हक्क आहे.”

तुम्ही हसलात. त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी वळून चालायला लागले. “सोमवारी बोलू,” तुम्ही मागून म्हणालात आणि पूर्ण्याच्या गाडीसाठी स्टेशनकडं गेलात. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. अंगणात वर्तमानपत्र वाचता वाचता तुमचा श्वास थांबला होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून पांगल्यावर वहिनींनी मला घरी बोलावलं. मी त्यांना आपल्या भांडणाचं सांगितलं; मनावर ओझं झालं होतं. त्या ऐकत राहिल्या आणि सहज बोलल्या, “अवो, ते तुमच्यासाठीच मागं सरकले. घरी येऊन म्हणले, मी परमनंट हाय, माझं काय वाकडं होतंय? ताई तासिकेवर हायेत. त्यांची नेमणुकीची ऑर्डर दरसाल निघती. पेपरावर त्यांचंबी नाव हाय. वादात त्यांचीच नोकरी जाती.”

मी उठले आणि बससाठी निघाले. वहिनींना वाटलं असेल, मी भारावून गेले. आधी तसंच झालं, खोटं बोलत नाही. इतकी वर्षं तासिकेवर शिकवताना माझ्या ऑर्डरची काळजी कुणी केली होती, तुमच्याशिवाय? ऑर्डर निघाली नाही त्या जूनमध्ये तुम्हीच तर प्राचार्यांच्या केबिनबाहेर रोज बसून राहायचा.

पण बसमधून उतरेपर्यंत राग परत आला, आणि आधीपेक्षा जास्त आला. सर, तुम्ही मला विचारलं का? ‘ब’ प्रश्न तुमचाच ना, अधिकार कुणाचा? माझ्या वाट्याचं किती सोसायचं ते ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुमचा हेतू शुद्ध होता, मी मान्य करते. नुकसानाचा हिशेबही चुकीचा नसेल. पण तो सगळा विचार तुम्ही माझ्या वतीनं, मला बाजूला ठेवून केलात. तुमच्या प्रसंगातल्या त्या प्रार्थनास्थळात अडकलेल्यांसारखं मला वाटलं. बाहेर अधिकारी, मध्यस्थ, गाव, सगळे त्यांच्याबद्दल ठरवतात. आतल्यांना कुणी विचारत नाही. आणि आपण दोघांनी इतकी वर्षं हे प्रसंग लिहिले, त्यात आतल्यांना काय वाटतं हा प्रश्न कधी घातला नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही. हे तुम्हाला सांगायला मला तुम्ही हवे होतात. ह्यावर तुम्ही नक्की पेन काढलं असतं, आणि मग पाच मिनिटांत मला खोडूनही काढलं असतं.

मी प्राचार्यांना समिती पुन्हा बोलवायची विनंती केली. पेपर अजून छापायला गेला नव्हता. मी ‘ड’ परत घातला, आणि ‘अ’मध्ये एक ओळ वाढवली: आत अडकलेल्यांचं म्हणणं कळायचा काही मार्ग आहे का, आणि ते कळलं तर निर्णय बदलेल का.

तेच सदस्य म्हणाले, “मॅडम, वाव्हळे सरांनी स्वतः काढलेला प्रश्न आहे हा.”

“हो,” मी म्हणाले. “आणि तो काढायला नको होता. पेपरावर माझंही नाव आहे.”

“तुमची ऑर्डर जूनमध्ये निघते ना?”

“हो, जूनमध्येच.”

मी सांगितलं की ‘ड’ कुठल्याही धर्माला खाली पाडत नाही. प्रत्येक धर्मातल्या शहाण्या माणसांनी हा आक्षेप स्वतःवरच घेतलेला आहे. आपण फक्त मुलांना तो ऐकायला लावतो. ज्याला आपल्या धर्मातला विरोधी आवाज माहीत नाही, तो दुसऱ्याच्या धर्माविरुद्ध हत्यार उचलायला सगळ्यात आधी तयार होतो. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली. मला आनंद झाला असं तुम्ही समजू नका. आनंद सांगायला जिथं जायचं तिथं तुमच्या खुर्चीवर आता झेरॉक्सचे गठ्ठे ठेवलेत.

जून गेला. ऑर्डर निघालेली नाही. कारण कुणी सांगत नाही. जागा मंजूर व्हायची आहे, एवढंच कळतं. तोवर मी येते, ह्याच मुलांचे पुढच्या वर्षाचे तास घेते. तुमचा अंदाज चुकीचा नव्हता, हे मान्य करायला मला फार जड जातं. पण अंदाज बरोबर असणं आणि तो तुम्ही माझ्यासाठी वापरणं, ह्या दोन गोष्टी मी अजूनही वेगळ्याच मोजते. ह्यावर तुमचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. तुमच्या जाण्यातलं हे मला सगळ्यात चीड आणणारं आहे.

आणखी एक चीड. त्या डोंगरातल्या गावाबद्दल तुमचा स्वतःचा निर्णय काय होता, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मुलांनी विचारलं की खडू ठेवून खिडकीपाशी जायचा. मी चहावर विचारलं तरी म्हणायचा, “आधी तुमचा सांगा.” मीही सांगितला नाही, हट्टानं. आता मुलं मलाच विचारतात, “मॅडम, सरांचं मत काय होतं?” मला माहीत नाही असं म्हटलं तर त्यांना खरं वाटत नाही.

परवा रेहानानं वेगळंच विचारलं. “मॅडम, सरांचं राहू द्या. तुमचं काय?”

तुम्ही असता तर खिडकीपाशी गेला असता. मी नाही गेले. मी म्हणाले, “मी तोफ डागणार नाही. म्हाताऱ्याला बोलू देईन. वाटेवर माणसं घालून धान्य नेता येतं का ते बघेन, त्यात गोळ्या खाव्या लागल्या तरी. पण आतल्यांवर तोफ नाही.”

वर्गात कुणी काही लिहून घेतलं नाही. दत्ता मागच्या बाकावरून उठला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरंच विचारायचं होतं त्याला.

“आणि तेवढ्यात गावातली लेकरं मेली तर, मॅडम? त्यांच्या मायला काय सांगसाल?”

वेशीवरची ती जीप मला दिसली. तुमच्या मामीचा हात दिसला, जो मी कधी पाहिला नाही. “मी स्वतः जाईन त्यांच्याकडं,” एवढंच म्हणता आलं, आणि म्हणतानाच ते अपुरं आहे हे कळत होतं. दत्तालाही कळलं. पण तो बसला नाही. उभाच राहिला, वाट बघत. तास संपल्याची घंटा झाली. दुसरा वर्ग दारात येऊन थांबला. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही, सर.